आजीच्या वहीतल्या सहा कोऱ्या रात्री

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझ्या आईचं किराणा दुकान आहे. मी साताऱ्यात राहते आणि छोट्या दुकानांचे हिशेब लिहून द्यायचं काम करते. हिशेब न जुळल्याची प्रकरणं माझ्याकडे वर्षभर येतात, पण ती येतात तेव्हा शिळी झालेली असतात. माणसं विसरलेली असतात, कागद हरवलेले असतात. गेल्या मे महिन्यात असंच एक प्रकरण माझ्या घरात घडलं आणि ते मला मुळापासून बघता आलं. म्हणून ते इथं सविस्तर लिहिते आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही.

माझी भाची आठवीची परीक्षा देऊन सुट्टीला आजीकडे आली होती. गणितात हुशार, बोलायला गोड, गिऱ्हाईकाला काय हवं ते अर्ध्या वाक्यात ओळखणारी. चार दिवसांत तिनं गल्ल्याची जागा पटकावली आणि आईनंही ती दिली. तिला एकच गोष्ट आवडत नव्हती. ती म्हणजे रात्रीची मोजणी.

आईची मोजणी अशी असते. रात्री नऊला शटर अर्धं खाली ओढायचं. गिऱ्हाईक आत-बाहेर करत असताना मोजायचं नाही, कारण मोजता मोजता दोन पिशव्या गेल्या की आकडा खोटा होतो. मग गल्ला पाटावर ओतायचा आणि नोटा वेगवेगळ्या करायच्या. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, असं चिल्लरीपर्यंत. नुसती बेरीज लिहून ती थांबत नाही, प्रत्येक नोटेची संख्या लिहिते. लाल कापडी बांधणीची लांबट वही आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून वापरात येते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेची पहिली ओळ ‘श्री शिल्लक’, म्हणजे काल रात्री गल्ल्यात उरलेली रक्कम. त्याखाली कुणाची उधारी वसूल झाली ती नावानिशी. नावेच्या बाजूला दिवसभरात गल्ल्यातून काय काय बाहेर गेलं: दूधवाला, पाववाला, टेम्पोतून माल घेऊन येणारा व्यापाऱ्याचा माणूस, घरात भाजीला नेलेले शंभर रुपयेसुद्धा.

यातून दिवसाची रोख विक्री निघते. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची पावती फाडली जात नाही. पाच रुपयांच्या जिऱ्याची पावती कोण फाडणार? त्यामुळे विक्री उलटी काढावी लागते. रात्रीच्या शिलकेतून सकाळची शिल्लक वजा करायची, बाहेर गेलेले पैसे त्यात मिळवायचे आणि जुन्या उधारीची वसुली वजा करायची. उरतं ते आज रोखीनं विकलेल्या मालाचं. यूपीआयचे पैसे थेट बँकेत जातात, त्यांची दिवसाची बेरीज फोनवर बघून वेगळ्या ओळीत लिहायची.

या पद्धतीत एक मोठी फट आहे आणि ती आईला पक्की ठाऊक आहे. विक्रीचा आकडा जर गल्ल्यातल्या पैशांवरूनच काढला, तर गल्ल्यात पैसे कमी आहेत हे गल्ला स्वतः सांगू शकत नाही. चारशे रुपये कुठंतरी गळाले, तर वहीत विक्रीच चारशेनं कमी दिसते. बाकी सगळं जुळलेलं. म्हणून दुसरीकडून साक्ष लागते आणि ती मालाकडून मिळते.

चारशे-साडेचारशे प्रकारचा माल रोज मोजणं कुणालाच शक्य नाही. आई पाचच गोष्टी मोजते: तेलाच्या एक लिटरच्या पिशव्या, अंडी, दुधाच्या पिशव्या, अर्ध्या किलोचे साखरेचे पुडे आणि चहाची मोठी पाकिटं. त्याला ती ‘पळता माल’ म्हणते. या वस्तू रोज खपतात, नगाला महाग आहेत किंवा टिकत नाहीत आणि हिशेब चुकला तर पहिल्यांदा इथंच चुकतो. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीची एक ओळ. उदाहरणार्थ, तेल: सकाळी ३६, आल्या काही नाहीत, रात्री ३१, गेल्या ५. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

भाचीचं म्हणणं होतं, “आजी, गल्ल्यातले पैसे मोजले की विक्री कळतेच ना. आणि पिशव्या कुठं पळून जाणारेत? आठवड्यातून एकदा मोजल्या तरी बेरीज तीच येणार.”

आई तिला इतकंच म्हणाली, “बेरीज तीच येईल गं.” आणि मोजत राहिली.

पुढच्या रविवारी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे साताऱ्याला यायची होती. रविवारची रात्रीची मोजणी तिनं स्वतः केली, वही भाचीच्या हातात दिली, “रोज लिही” म्हणून सांगितलं आणि ती शेवटच्या एसटीनं आली. शस्त्रक्रिया छान झाली. थेंब घालायला आणि आराम म्हणून ती शनिवारपर्यंत माझ्याकडे राहिली. दुकान सोमवार ते शनिवार भाचीनं आणि तिच्या मामानं, म्हणजे माझ्या भावानं चालवलं. मदतीला नेहमीचा मुलगा होता. विशीतला आहे, टेम्पोतून माल उतरवतो, पोती उघडतो, घरपोच सामान देतो. भाची त्याला दादा म्हणते.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आईला घेऊन गावी गेले. तिच्या डोळ्यांवर तो हिरवट-काळा चष्मा होता आणि वाचायला डॉक्टरांनी बंदी घातली होती. ती दुकानात स्टुलावर बसली आणि भाचीला म्हणाली, “वाच.”

भाचीनं रविवारचं पान वाचलं. मग पान उलटलं आणि गप्प झाली. पुढची पानं कोरी नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. व्यापाऱ्याला दिलेले १८,००० लिहिलेले होते. दूध, पाव आणि अंड्यांचे मिळून ७,५०० लिहिलेले होते. उधारीच्या वसुलीचे ३,६५० नावांसकट होते. नवी उधारी उधारीच्या वहीत होती. पैसे तिनं नीट सांभाळले होते. फक्त रात्रीची शिल्लक एकाही दिवशी मोजलेली नव्हती आणि मागच्या पानावरच्या पाच ओळींपुढं सहा दिवस काहीच नव्हतं. रात्री दमायला व्हायचं, मामा शटर ओढायचा, गल्ला तसाच कपाटात जायचा.

“काही बिघडत नाही, आत्ता मोजू,” आई म्हणाली.

आम्ही मोजलं. गल्ल्यात ११,४५० रुपये निघाले. सोमवारची श्री शिल्लक ३,२०० होती. ११,४५० मधून ३,२०० गेले, उरले ८,२५०. त्यात बाहेर गेलेले २५,५०० मिळवले आणि वसुलीचे ३,६५० वजा केले. सहा दिवसांची रोख विक्री ३०,१००. दिवसाला साधारण पाच हजार, आणि आमच्या दुकानाची उन्हाळ्यातली रोख विक्री पाच हजारांच्याच आसपास असते. यूपीआयची सहाही दिवसांची बेरीज फोनमध्ये दिवसवार होतीच, ती उतरवून घेतली. तीही नेहमीसारखी.

भाचीचा चेहरा उजळला. “बघ आजी, सहा दिवस न मोजता बरोबर आलं की नाही?”

आईनं चष्म्याआडून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आता माल मोज.”

आधी साखर सांगते, कारण ती लवकर उलगडली. पन्नास किलोचं पोतं फोडून त्याचे अर्ध्या किलोचे पुडे बांधायचे, हे मंगळवारी दादा आणि भाचीनं मिळून केलं होतं. पन्नास किलोचे शंभर पुडे व्हायला हवेत. ते कधीच होत नाहीत. प्रत्येक पुड्यात चार-पाच ग्रॅम जास्त पडतात, थोडी साखर सांडते, थोडी पोत्याच्या शिवणीत राहते. आई एका पोत्यामागं एक पुडा घट धरते. ९९ आले की ती काही बोलत नाही. भाचीनं पुडे किती झाले ते लिहिलं नव्हतं, पण बांधायच्या पिशव्या तिनं शंभराचं नवं बंडल फोडून घेतल्या होत्या आणि बंडलात चार उरल्या होत्या. म्हणजे पुडे ९६.

आईनं फळीवरचा एक पुडा काट्यावर ठेवायला सांगितला. ५२० ग्रॅम. दुसरा, ५२०. तिसरा, ५१९. मग भाचीला आठवलं. काट्याच्या ताटलीवर साखर चिकटते म्हणून तिनं त्या दिवशी ताटलीवर एक जाड पुठ्ठा ठेवला होता आणि काटा शून्यावर आणला होता. थोड्या वेळानं पुठ्ठा सरकायला लागला म्हणून काढून टाकला. शून्याचं बटण पुन्हा दाबलं नाही. पुठ्ठा वीस ग्रॅमचा होता. तो काढल्यावर रिकामा काटा उणे वीस दाखवत होता आणि पुढं प्रत्येक पुड्यात वीस ग्रॅम साखर जास्त जात राहिली. अर्ध्या किलोला वीस ग्रॅम म्हणजे पोत्यामागं जवळजवळ दोन किलो. इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन खात्याकडून वर्षाला तपासून घ्यावा लागतो, आमच्याही काट्यावर तो शिक्का आहे. काटा बरोबरच होता. रिकाम्या ताटलीवर शून्य दिसतंय का, हे दर वेळी माणसानंच बघायचं असतं.

हे सापडलं कारण पुडे अजून फळीवर होते. माल समोर होता आणि चूक त्याच्या पोटात होती. तेलाचं तसं नव्हतं.

तेलाच्या पिशव्या रविवारी रात्री ३१ होत्या. बुधवारी टेम्पो आला, त्याच्या बिलावर दोन खोकी, म्हणजे २४ पिशव्या. एकूण ५५. आता फळीवर १४. गेल्या ४१. आमच्याकडे दिवसाला पाच पिशव्या खपतात, कधी चार, कधी सहा. सहा दिवसांच्या तीस झाल्या असत्या. अकरा-बारा पिशव्या जास्त गेल्या होत्या. आईनं लगेच ओळखलं की हा आकडा एका खोक्याएवढा आहे. आमच्याकडं येणाऱ्या खोक्यात बारा पिशव्या असतात.

आता बारा पिशव्या जायच्या वाटा किती? एक, टेम्पोतून एकच खोकं उतरलं आणि बिलावर दोन होती. बिलावर सही मामाची होती, त्यानं खोकी मोजली की नाही हे त्याला आठवेना. “उतरवली असतील की, रोजचाच माणूस आहे.” दोन, कुणीतरी घरच्या कार्याला एकदम खोकं नेलं आणि उधारी लिहायची राहिली. मे महिना, लग्नसराई, घरोघरी पाहुणे, हे सहज शक्य होतं. तीन, खरोखरच तेवढा खप झाला, कारण लग्नसराईच आहे. चार, कुणीतरी उचलून नेलं.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, बिल दोन खोक्यांचं, सही तुमची, टेम्पो त्या दिवशी चौदा गावं फिरून रिकामा परत आला, आज चार दिवसांनी मी काय बघू? त्याच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. उधारी ज्यांची असू शकेल अशा चार घरी आईनं गप्पांच्या ओघात विचारून बघितलं. कुणी नेलं नव्हतं, किंवा कुणाला आठवत नव्हतं.

इथं एक गोष्ट घडली जी मला अजून टोचते. भाची स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “मावशी, दादानंच नेलं असेल. घरपोच सामान तोच देतो ना.” दादा त्या वेळी मागच्या दारात पोती रचत होता. त्यानं ऐकलं की नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशी अकराच्या चहाला तो आत आला नाही. त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्याचा कप ओट्यावर तसाच गार होत राहिला. तो बाहेर उभा राहून गाड्यावरचा चहा प्यायचा.

आईला मी हे रात्री सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला मी काय विचारू? कुठल्या दिवसाचं विचारू? सोमवारचं की शनिवारचं? विचारायला दिवस लागतो.”

मी इतकी वर्षं हिशेब लिहिते, पण रोजच्या मोजणीचं कारण इतक्या नेमकेपणानं मला कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोतून एकच खोकं उतरलं असेल, तर रोजच्या मोजणीत आकडे असे पडले असते: सोमवारी ५ गेल्या, मंगळवारी ५, बुधवारी १७. त्याच रात्री शंका येऊन व्यापाऱ्याला फोन गेला असता, टेम्पो तेव्हा कदाचित शेवटच्या गावात असता आणि त्यात आमचं खोकं आहे का ते बघता आलं असतं. बुधवारचा आकडा ५ निघाला असता आणि शुक्रवारचा १७, तर व्यापारी आणि टेम्पोवाला दोघंही सुटले असते आणि फक्त शुक्रवार आठवायचा होता. शुक्रवारी कोण कोण आलं, दुपारी दुकानात कोण होतं. एका दिवसाचं माणसाला आठवतं. आणि रोज सहा-सात अशा सारख्याच गेल्या असत्या, तर खप वाढला हे कळून आईनं पुढच्या वेळी तीन खोकी मागवली असती. चारही शक्यता सहा दिवसांच्या बेरजेत एकसारख्या दिसतात. ४१ हा आकडा चौघांचाही आहे.

बारा पिशव्यांचं शेवटपर्यंत काही कळलं नाही. आईनं मागच्या पानावर ‘तेल, तूट १२’ अशी ओळ भाचीला लिहायला लावली आणि विषय बंद केला.

भाची खजील झाली होती, पण अजून तिचं एक म्हणणं शिल्लक होतं: पैसे तर जुळले. ते म्हणणं आणखी दहा दिवस टिकलं.

दहा दिवसांनी शेजारच्या आळीतले निवृत्त मास्तर उधारी मिटवायला आले. आईनं उधारीची वही काढून ३,४०० बाकी सांगितली. मास्तर म्हणाले, “३,४०० कशी? दोन हजार मी मागंच दिले की. तुम्ही नव्हता, नातीकडं दिले. पाचशेच्या चार नोटा.”

भाचीनं आठवायचा प्रयत्न केला. पाचशेच्या चार नोटा एकदम कुणीतरी दिल्या होत्या खऱ्या, दुकानात गर्दी होती, पण ते मास्तर होते की दुसरं कुणी आणि कुठला वार होता, तिला सांगता येईना. आईनं तिथल्या तिथं दोन हजार खोडले, उरलेले १,४०० घेतले आणि मास्तरांची माफी मागितली. मास्तर गेल्यावर ती भाचीला म्हणाली, “मास्तर खोटं बोलायचे नाहीत. पण मग त्या आठवड्यात आपल्या गल्ल्यात दोन हजार जास्त निघायला हवे होते. ते कुठं गेले?”

रात्री जेवताना हा विषय निघाला तेव्हा माझा भाऊ घास हातात धरून थांबला. “अगं, दोन हजार मी घेतले होते. तुझ्या डोळ्यांच्या औषधांना, ताईकडं पाठवायला. गुरुवारी की कधी. सांगितलं होतं की हिला.” भाची म्हणाली, “मला नाही सांगितलंस.” त्यानं सांगितलं असेल, तिनं गर्दीत ऐकलं नसेल. औषधांचे दोन हजार मला मिळाले होते हे मात्र खरं, ते मीच त्याला फोनवर कळवलं होतं.

म्हणजे दोन चुका झाल्या होत्या. दोन हजार आले ते लिहिले नाहीत, दोन हजार गेले ते लिहिले नाहीत. दोन्ही चुका एकमेकींना गिळून बसल्या आणि बेरीज सुरेख जुळली. ज्या ३०,१०० वर भाची इतकी खूश झाली होती, तो आकडा बरोबर होता आणि त्याच्या आत दोन हजारांची वसुली आणि दोन हजारांचा खर्च लपलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला कागद-पेन घेऊन शेजारी बसवलं आणि विचारलं, तू रोज मोजलं असतंस तर काय दिसलं असतं? मास्तरांनी मंगळवारी दिले असं धरू, मामानं गुरुवारी घेतले असं धरू. तिनं मांडलं. मंगळवारी गल्ल्यात दोन हजार जास्त, म्हणून विक्री ७,००० निघाली असती. गुरुवारी दोन हजार कमी, म्हणून विक्री ३,०००. बाकीचे दिवस पाच-पाच हजार. कागदाकडं बघून ती म्हणाली, “मंगळवारी सात हजार? मंगळवारी तर दुपारी लाइट गेली होती, गिऱ्हाईकच नव्हतं. मला लगेच कळलं असतं.”

मग मी विचारलं, समज मामानं पैसे घेतलेच नसते, फक्त मास्तरांचे दोन हजार लिहायचे राहिले असते, तर रविवारी कळलं असतं का? तिनं हिशेब केला. सहा दिवसांची विक्री ३२,१०० दिसली असती. दिवसाला सव्वापाच-साडेपाच हजार. ती थांबली. “नसतं कळलं,” म्हणाली. तेवढा चढ-उतार तर नेहमीचाच. दोन हजार एका दिवसात ठळक दिसतात, सहा दिवसांत वाटले की दिवसाला साडेतीनशेसुद्धा होत नाहीत, आणि साडेतीनशेचा फरक एखाद्या जादा पाहुण्यानंही पडतो. आजी म्हणाली होती तसं बेरीज तीच आली होती. दिवस हरवले होते.

मास्तरांचं घर चांगलं होतं म्हणून प्रकरण तिथंच मिटलं. मी अशीच भांडणं न मिटलेली पाहिली आहेत. वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटतं, आणि तुटतं ते दोघंही खरं बोलत असताना.

त्या रात्रीपासून भाची स्वतःहून मोजायला बसायला लागली. पहिल्या काही रात्रींत तिच्याकडून ज्या चुका झाल्या त्या नवशिक्या प्रत्येकाकडून होतात, म्हणून त्यातल्या दोन सांगते.

अंड्यांचे ट्रे तिनं न बघता तीस-तीस धरले. वरचा ट्रे भरलेला दिसत होता, खालच्यातून दादानं गडबडीत सहा अंडी काढली होती. रात्री सहा अंडी जास्त लिहिली गेली, दुसऱ्या रात्री सहा कमी पडली. आईनं सांगितलं, बंद खोकं असलं तरी उचलून बघ, ट्रे असला तर वरचा बाजूला कर. डोळ्याला जे दिसतं ते लिही, जे असायला हवं ते लिहू नको.

दुसरी चूक जास्त नाजूक. एका रात्री गल्ला वीस रुपयांनी कमी वाटत होता. पाववाल्याला किती दिले याची चिठ्ठी होती, बाकी सगळं लिहिलेलं होतं, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला सुटे देताना वीसची नोट जास्त गेली असा तिला दाट संशय होता. तिनं स्वतःच्या पाकिटातून वीस रुपये काढून गल्ल्यात टाकले आणि शिल्लक पूर्ण लिहिली. आईनं ते बघितलं. ती भाचीवर कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. “वीस रुपये तू घातलेस, उद्या दोनशे कमी आले तर कुठून घालशील? कमी असेल तर कमी लिही. या वहीत खोटं बरोबर मला नको.” भाचीनं वीसची नोट परत काढून घेतली आणि आकड्यापुढं लिहिलं, २० कमी.

त्याच आठवड्यात एका रात्री विक्री नेहमीपेक्षा पाचशेनं कमी निघाली आणि नोटांच्या यादीत पाचशेच्या नोटा दुपारी तिनं पाहिल्या होत्या त्यापेक्षा एक कमी होती. दोनशे, शंभर सगळं साधारण जागेवर. म्हणजे सुट्ट्यांत चूक नव्हती, एक अख्खी नोट बाहेर गेली होती. नोटांची संख्या वेगळी लिहायचा उपयोग हा. पाचच मिनिटांत तिला आठवलं: संध्याकाळी गॅसच्या सिलिंडरला म्हणून आजीनंच पाचशेची नोट मागितली होती, ती नावे टाकायची राहिली होती. तिनं उजव्या बाजूला ओळ लिहिली आणि आजीकडं बघून मनापासून हसली, कारण या वेळी विसरलेली आजी होती.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. पाच वस्तूंपलीकडं काय चाललंय ते ती सांगत नाही. साबणाच्या वड्या, मसाल्याची पाकिटं, बिस्किटांचे पुडे यांची गळती वर्षातून दोनदा होणाऱ्या सगळ्या मालाच्या मोजणीतच कळते, दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीला. ती कळते तेव्हा तीसुद्धा सहा महिन्यांची एकत्र बेरीज असते, आमच्या ४१ सारखीच मुकी. म्हणून आई दर महिन्याला पाचातली एक वस्तू बदलते. जून लागला की दुधाच्या जागी महिनाभर अगरबत्तीचे पुडे किंवा वह्या येतात. दुकानात कुणालाही ती हे आधी सांगत नाही, भाचीलाही तेव्हाच कळलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा टेम्पो येऊन उभा होता. भाची बिल हातात धरून फुटपाथवर उभी होती आणि दादा फळक्यावरून खोकी उतरवत होता. मामा सही करायला पुढं झाला तर दादानंच त्याला हातानं थांबवलं. तेलाची दोन खोकी त्यानं भाचीसमोर ठेवली, कटरनं दोन्हीची पट्टी कापली आणि झाकणं उघडून बाजूला झाला.

“मोज,” म्हणाला, “मग मी आत नेतो.”

भाचीनं मोजलं. बारा आणि बारा. बिलावर बरोबरची खूण केली, मामानं सही केली, टेम्पो गेला. दादानं खोकी आत नेऊन फळीवर लावली. अकरा वाजत आले होते. आईनं ओट्यावर चार कप ठेवले आणि त्यातला एक भाचीनं उचलून मागच्या दारात नेऊन दिला.